गणित भाग 1 चा पेपर वेळेत कसा सोडवावा?

प्रश्न: सर, मी दहावीत आहे, चोपड्याजवळच्या गावात राहतो. सरावाला बीजगणिताचा पेपर पुरा होत नाही, एका गणितात अडकलो की घाबरायला होतं. काय करू?

उत्तर: बेटा, पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. पहिल्या दोन प्रश्नांतच 20 गुण असतात, 8 आणि 12. ते आधी सोडव, साधारण पन्नास मिनिटांत. मग तिसरा आणि चौथा प्रश्न. पाचवा 3 गुणांचाच, शेवटी घेतलास तरी चालतं. बरेच जण चौथ्या प्रश्नातल्या शाब्दिक उदाहरणावर अर्धा तास घालवतात आणि सोपे गुण राहून जातात.

अडकलास तर गणित खोडू नकोस. गुण पायऱ्यांना मिळतात. समज, x² − 15x + 54 = 0 आलं. −9 आणि −6 सापडले, (x − 9)(x − 6) = 0 लिहिलंस आणि पुढे गडबड झाली, तरी तेवढ्याचे गुण पदरात पडतात. शाब्दिक उदाहरणात x म्हणजे काय ते लिहून समीकरण मांड, जागा सोड आणि पुढे जा. सात-आठ मिनिटांत वाट दिसली नाही, तर पुढचं घे. उत्तर ताळून बघायला x = 9 परत घालायचा: 81 − 135 + 54, शून्य आलं.

बहुपर्यायीत उत्तर नीट ठरवूनच लिही, पहिलं लिहिलेलंच धरतात.

आता रोज पूर्ण पेपर नको. एक दिवस फक्त पहिले दोन प्रश्न घड्याळ लावून सोडव, तेही सकाळी, ऊन चढायच्या आत.