साधा फोन, मंद इंटरनेट आणि चित्रासारखे फोटो : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझा फोन कमी किमतीचा आहे आणि इंटरनेट फारच मंद. फोटोला रंगचित्राचे रूप देणारी दोन-तीन अ‍ॅप घेऊन पाहिली, पण चक्र नुसते फिरत राहते आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे येते. हलके अ‍ॅप ओळखायचे कसे?

उतरवून घेताना दिसणाऱ्या आकारावरून बहुतेक जण अ‍ॅपचा हलकेपणा ठरवतात आणि तिथेच फसगत होते. काही अ‍ॅप आकाराने लहान असतात, याचे कारण खरे काम ती करतच नाहीत. ती तुमचा फोटो दूरच्या सर्व्हरवर पाठवतात, तिथे त्याला शैली चढवली जाते आणि तयार चित्र परत येते. तुमची जोडणी सेकंदाला २० केबी वर पाठवत असेल, तर ४ एमबींचा एक फोटो नुसता वर जायलाच तीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्यात जोडणी एकदा तुटली, तर अनेक अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. मोबाइल जोडणीत फोटो वर पाठवण्याचा वेग खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा बहुधा कमीच असतो, त्यामुळे व्हिडिओ बरा चालतो म्हणून फोटोही सहज जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

परीक्षा सोपी आहे. अ‍ॅप एकदा उघडून फोन विमान मोडवर टाकावा आणि मग एखादा परिणाम लावून पाहावा. तो लागला तर काम फोनवरच होते. चूक दाखवली तर सर्व्हरवर होते. काही अ‍ॅपमध्ये दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. उदाहरणार्थ, २०१६ साली आलेल्या प्रिझ्मामध्ये सुरुवातीला प्रत्येक फोटो सर्व्हरवर जात असे, पुढे काही शैली फोनवरच चालू लागल्या. त्यामुळे एक शैली चालली म्हणून सगळ्या चालतील, असे समजू नये.

मंद जोडणीवर माझी पहिली पसंती स्नॅपसीडला आहे. ते विनामूल्य आहे, त्यात जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि एकदा बसवल्यावर त्यातले परिणाम इंटरनेटशिवाय लागतात. सर्व्हरवरचीच एखादी शैली हवी असेल, तर फोटोची लहान प्रत करून ती पाठवावी. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणली की फाइल बहुधा काहीशे केबींवर येते आणि तोच फोटो अर्ध्या मिनिटाच्या आसपास वर जातो. पुष्कळशी विनामूल्य अ‍ॅप निकाल तसाही लहानच करून देतात, त्यामुळे मोठा फोटो पाठवून हाती काही जास्त येत नाही.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये २ जीबी रॅम आहे. परिणाम पडद्यावर छान दिसतो, पण साठवताना अ‍ॅप आपोआप बंद पडते. फाइल तर जेमतेम ४ एमबींची असते. मग अडते कुठे?

ते ४ एमबी हा घडी घातलेला आकार आहे. फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेल स्मृतीत मोकळा मांडावा लागतो. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात आणि प्रत्येकाला साधारण ४ बाइट लागतात, म्हणजे फोटोची एकच प्रत सुमारे ४८ एमबी जागा व्यापते. अ‍ॅपला मूळ प्रत, कामाची प्रत आणि निकाल अशा किमान दोन-तीन प्रती एकाच वेळी धराव्या लागतात. कुंचल्याचे फटकारे निर्माण करणाऱ्या शैलींना तर मधल्या आकडेमोडीसाठी याच्या कितीतरी पट जागा हवी असते. २ जीबींतला मोठा भाग यंत्रणाच वापरते; उरलेल्यात हे मावले नाही की अँड्रॉइड अ‍ॅप बंद करून टाकते.

पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसते, कारण तिथे अ‍ॅप फोटोची लहान प्रत दाखवत असते. पूर्ण आकाराचे गणित साठवताना सुरू होते आणि म्हणूनच फोन नेमका त्या क्षणी मान टाकतो.

उपाय असा, की काम सुरू करण्यापूर्वीच फोटो लहान करावा. तो २००० बाय १५०० केला की पिक्सेल ३० लाख होतात आणि प्रत्येक प्रत ४८ऐवजी १२ एमबींत बसते. एवढ्या आकाराचे चित्र फोनच्या पडद्यावर चोख दिसते आणि ६ बाय ४ इंचांच्या छपाईलाही पुरते, कारण इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने त्या छपाईला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. (फोटो ४:३ प्रमाणात असल्याने छापताना थोडा भाग कापला जाईल, तेवढी कडा मोकळी ठेवावी.) साठवण्यापूर्वी बाकीची अ‍ॅप बंद करावीत आणि फोनमध्ये थोडी मोकळी जागा आहे ना, हेही पाहावे. जागा संपलेली असेल तर कधी कधी अर्धवट किंवा शून्य केबीची फाइल तयार होते, आणि गॅलरीत केवळ करडा चौकोन दिसतो.

प्रश्न : साठवता येत नाही म्हणून मी पडद्याचा स्क्रीनशॉट घेतो. चालेल ना?

चालणार नाही. ७२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आडवा फोटो ७२० बाय ५४० एवढाच दिसतो. म्हणजे मूळ १ कोटी २० लाख पिक्सेलपैकी सुमारे तिसावा भागच हाती लागतो.

प्रश्न : आजोबांचा खिडकीशेजारी बसलेला फोटो जुन्या तैलचित्रासारखा करायचा आहे. स्नॅपसीडमधले Drama लावले की भिंत सुंदर दिसते, पण चेहरा काळवंडतो आणि सुरकुत्या नको तेवढ्या उठून येतात. काय करावे?

परिणाम सगळ्या फोटोला लावायचा आणि नंतर तो जिथे हवा तिथेच ठेवायचा, ही सोय स्नॅपसीडमध्ये आहे. ती जरा आडबाजूला असल्याने पुष्कळांना सापडत नाही, एवढेच. आवृत्तीनुसार नावे आणि चिन्हे थोडी बदललेली दिसतील, पण क्रम हाच राहतो.

आधी Crop वापरून नको असलेला भाग कापावा, म्हणजे पुढचे सगळे काम कमी पिक्सेलवर होते. मग Tune Image मध्ये Highlights साधारण उणे २० आणि Shadows अधिक २५ करावे. खिडकीकडचा गाल पांढरा पडला असेल तर तो थोडा सावरतो आणि अंधारातली बाजू उजळते. गाल पूर्ण पांढरा झालेला असेल, तर तिथे तपशील उरलेलाच नसतो आणि कोणतेही अ‍ॅप तो परत आणू शकत नाही. त्यानंतर Drama मधला पहिला प्रकार निवडून त्याची तीव्रता ६०च्या आसपास ठेवावी. या टप्प्यावर चेहरा वाईटच दिसेल. तो तसा दिसू द्यावा.

आता वरच्या बाजूच्या थरांच्या चिन्हातून View edits उघडावे. केलेल्या सुधारणांची यादी दिसेल. त्यातल्या Drama वर बोट ठेवून कुंचल्याचे चिन्ह निवडले की परिणाम पुसला जातो आणि तुम्ही जिथे बोट फिरवाल तिथेच तो परत येतो. भिंत, खुर्ची आणि कपडे यांवर १०० या मूल्याने बोट फिरवावे, चेहऱ्यावर आणि हातांवर मात्र २५ने. दोन बोटांनी फोटो मोठा केला की कुंचला आपोआप बारीक होतो, म्हणून केसांच्या आणि कानाच्या कडेचे काम मोठे करूनच करावे.

परिणाम अति झाला हे ओळखण्याची एक हमखास खूण आहे : डोके आणि भिंत जिथे भेटतात तिथे पांढरट झालर दिसू लागते. Drama प्रत्येक भागाची उजळता आजूबाजूच्या भागाशी ताडून वाढवतो, आणि गडद केसांशेजारची उजळ भिंत त्यामुळे अधिकच उजळते. झालर दिसली तर कुंचल्याने पुसत बसण्यापेक्षा तीव्रता ६०वरून ४०वर आणणे सोपे पडते.

जुन्या चित्राचा खरखरीतपणा हवा असेल, तर Grainy Film अगदी शेवटी आणि हलक्या हाताने लावावे. आधी दाणे टाकून नंतर फोटो लहान केला, तर शेजारचे पिक्सेल एकत्र होऊन ते दाणे विरून जातात. दाण्यांचा आणखी एक उपयोग असा, की मोकळ्या भिंतीवर उजेडाच्या छटांचे पट्टे उमटले असतील तर ते झाकले जातात. या सगळ्या कृतीतून प्रकाश आणि पोत बदलतो. कुंचल्याचे खरे फटकारे यातून उमटत नाहीत. ते हवेच असतील, तर पहिल्या उत्तरातल्या सर्व्हरच्या वाटेने जावे लागेल.

प्रश्न : जेपीजी ठेवावे की पीएनजी? आणि गुणवत्ता १००वर ठेवली तर बरे नाही का?

छायाचित्रासारखे दिसणाऱ्या चित्राला जेपीजी, ९५ टक्के. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करते आणि प्रत्येकातले बारीक फरक गोळाबेरीज करून टाकते; ९५वर ही गोळाबेरीज डोळ्यांना दिसत नाही, तर १००वर फाइल बरीच फुगूनही पाहणाऱ्याला वेगळे काही मिळत नाही. पीएनजी काहीच टाकून देत नाही. त्यामुळे सपाट रंगांच्या, ठळक रेषांच्या व्यंगचित्रासारख्या शैलीला, किंवा अक्षरे घातलेल्या चित्राला ते शोभते. अशा चित्रात जेपीजीने रेषेच्या कडेला मळकट ठिपके उमटतात, लाल रेषेशेजारी तर विशेषच. दाणेदार छायाचित्र पीएनजीत साठवले, तर फाइल अनेक पट मोठी होते आणि मंद जोडणीवर ती पाठवणे ही शिक्षा ठरते.

टक्क्यांपेक्षा घातक गोष्ट म्हणजे पुन:पुन्हा साठवणे. एका अ‍ॅपमध्ये रंग, दुसऱ्यात शैली, तिसऱ्यात चौकट असे केले, तर गोळाबेरजेवर गोळाबेरीज होत जाते. शक्य तेवढे काम एकाच अ‍ॅपमध्ये करून एकदाच साठवावे. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाणे भागच असेल, तर मधली प्रत पीएनजी ठेवावी आणि काम संपल्यावर ती पुसून टाकावी. स्नॅपसीडच्या Settings मध्ये Image sizing पुढे Do not resize आणि Format and quality पुढे JPG 95% निवडून ठेवले, की दर वेळी पाहावे लागत नाही. साठवलेली फाइल गॅलरीत उघडून तपशिलात पिक्सेलची संख्या एकदा तपासावी. २००० अपेक्षित असताना १०८० दिसले, तर अ‍ॅपने ती न सांगता लहान केली आहे.

प्रश्न : फोनवर उत्तम दिसणारे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की पुसट होते. दोष कुणाचा?

फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप ते लहान करून पुन्हा दाबते. एचडी पर्याय निवडला तर कमी, पण दाबतेच. फाइल जोडण्याच्या चिन्हातून डॉक्युमेंट निवडून तीच फाइल पाठवली, तर ती जशीच्या तशी पोहोचते. मात्र कॅमेऱ्याने फोटोत स्थळाची नोंद केलेली असेल आणि ती फाइलमध्ये उरली असेल, तर तीही सोबत जाते, म्हणून अनोळखी व्यक्तीला अशी फाइल पाठवण्यापूर्वी गॅलरीच्या तपशिलात ती नोंद आहे का, हे पाहून घ्यावे.