ऋण त्वरण म्हणजे मंदनच का?

“वेग-काल आलेखाची रेषा खाली उतरत असेल तर ‘वेग कमी होतोय’ म्हणायचं की ‘चाल कमी होतेय’? मुलगी नववीत आहे. तिच्या पुस्तकात ऋण त्वरणालाच मंदन म्हटलंय, आणि क्लासचे सर म्हणतात दोन्ही एक नव्हेत. नेमकं कोणतं धरायचं?” – सोलापूरचे एक पालक

क्लासच्या सरांचं धरा. मंदन म्हणजे वस्तू हळू होत जाणं. पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, पण त्याला एक अट आहे आणि ती तिथं लिहिलेली नाही: वस्तू धन दिशेनं जात असली पाहिजे. शाळेतल्या बहुतेक उदाहरणांत गाडी एकाच दिशेनं जाते, ब्रेक लागतो, थांबते. तिथं अट न सांगताही भागतं. गाडी मागं फिरली की भागत नाही.

गोंधळाची सुरुवात मात्र आपल्या रोजच्या मराठीत आहे. बोलताना आपण ‘वेग’ हा एकच शब्द दोन्ही कामांना लावतो. वेगमर्यादा, ताशी ६० किलोमीटरचा वेग, वाऱ्याचा वेग, सगळीकडे वेगच. पण मोटारसायकलचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी होटगी रस्त्यानं गावाबाहेर चाललीय की गावात येतेय, हे तो सांगत नाही. भौतिकशास्त्रात या दिशा नसलेल्या आकड्याला ‘चाल’ म्हणतात. त्यालाच दिशा जोडली की ‘वेग’ होतो. सरळ रस्त्यावर दिशा दोनच, म्हणून तिथं दिशेचं काम अधिक-उणे चिन्हावर भागतं. चालीला उणे चिन्ह कधीच लागत नाही.

‘त्वरण’ शब्दाची अडचण वेगळी आहे. त्वरा म्हणजे घाई हे कानात बसलेलं असतं, त्यामुळे त्वरण म्हणजे जोर वाढणं असं वाटतं. गाडीला पिकअप नाही असं आपण म्हणतो तेव्हा त्वरणाबद्दलच बोलतो, पण त्याच्या एकाच बाजूबद्दल. ब्रेक दाबणं हेही त्वरणच आहे. जुन्या पुस्तकांत यालाच ‘प्रवेग’ म्हणत. मला तो शब्द जास्त आवडतो, कारण त्यात वेगाशी असलेलं नातं दिसतं. वेग कोणत्या दिशेनं आणि किती झपाट्यानं बदलतोय ते त्वरण सांगतं. वस्तू कोणत्या दिशेनं चाललीय ते त्यात नसतं.

मुलीला हे पटवायचं तर एक फळी आणि एक गोटी पुरते. अडीच मीटर लांबीची सपाट फळी घ्या, एक टोक साधारण ३६ सेंटिमीटर उचला आणि काचेची गोटी खालच्या टोकाकडून वर सोडा. एवढ्या उतारावर गडगडणाऱ्या गोटीचा वेग दर सेकंदाला सुमारे १ मीटर प्रति सेकंद इतका बदलतो. गोटी खोबणीतून सोडली तर हा आकडा थोडा बदलेल, आलेखाचा आकार तोच राहील. सुरुवातीचा वेग २ मीटर प्रति सेकंद धरू. गोटी २ सेकंदांत २ मीटर वर जाते, क्षणभर थांबते आणि चौथ्या सेकंदाला परत हातात येते. वर जाणं धन, खाली येणं ऋण. आता वर्गात याचा आलेख समोर ठेवून बोलणं साधारण असं होतं.

सर: रेषा काय सांगतेय?

मुलगी: दोनवर सुरू झाली, सरळ उतरत दुसऱ्या सेकंदाला शून्यावर आली आणि चौथ्याला उणे दोनवर. म्हणजे चारही सेकंद गोटी हळू होत गेली.

सर: चौथ्या सेकंदाला गोटी कुठं आहे?

मुलगी: परत खाली, हातात.

सर: हातात येते तेव्हा हळू असते का?

मुलगी: नाही सर, जोरात येते. सोडली होती तेवढ्याच जोरात.

सर: मग हळू होत गेली असं कसं?

मुलगी: पण रेषा तर खालीच चाललीय ना.

सर: रेषा वर जाते की खाली, ते जरा बाजूला ठेव. बोट आडव्या अक्षावर ठेव, शून्याच्या रेघेवर. पहिले दोन सेकंद आपली रेषा बोटाकडे येते की बोटापासून लांब जाते?

मुलगी: बोटाकडे येते. नंतरचे दोन सेकंद लांब जाते, खालच्या बाजूला.

सर: चाल म्हणजे अक्षापासूनचं अंतर. पहिल्या सेकंदाला किती?

मुलगी: एक. दुसऱ्याला शून्य. तिसऱ्याला… उणे एक?

सर: उणे एक हा वेग झाला. चाल?

मुलगी: एक. चौथ्याला दोन. म्हणजे चाल आधी घटली आणि मग वाढली. पण सर, शून्यापेक्षा उणे एक लहान, त्यापेक्षा उणे दोन लहान. मग वेग कमीच होतोय की!

इथं थांबायला हवं, कारण मुलगी चुकलेली नाही. ‘वेग कमी होतोय’ या वाक्याचे मराठीत खरोखर दोन अर्थ होतात. गणितानं पाहिलं तर +२ पासून –२ पर्यंत संख्या सतत घटतेय. बोलीत मात्र या वाक्याचा अर्थ ‘हळू होतेय’ असाच होतो, आणि तो शेवटच्या दोन सेकंदांना लागू पडत नाही. म्हणून वस्तू मागं फिरत असेल तिथं हे वाक्य टाळावं. पहिल्या भागाला ‘चाल कमी होते’ म्हणावं, दुसऱ्याला ‘ऋण दिशेनं चाल वाढते’. या दोन्ही वाक्यांचा प्रत्येकी एकच अर्थ निघतो.

सर: आता त्वरण सांग.

मुलगी: रेषेचा चढ. चार सेकंदांत चारनं उतरली, म्हणजे उणे एक. सगळीकडे सारखंच.

सर: मंदन कुठं आहे?

मुलगी: पहिले दोन सेकंद. नंतर तर चाल वाढतेय, त्याला मंदन कसं म्हणणार? म्हणजे त्वरण चारही सेकंद ऋण, आणि मंदन निम्म्याच वेळात!

सर: आता खाली येणं धन धर. गोटीला काही कळणार नाही, ती तशीच जाईल. रेषा कशी येईल?

मुलगी: उणे दोनपासून वर चढत अधिक दोनपर्यंत. त्वरण अधिक एक. आणि पहिले दोन सेकंद तरीही मंदनच. म्हणजे धन त्वरण असूनही मंदन?

सर: हो. त्वरणाचं चिन्ह आपण कोणती दिशा धन धरली त्यावर ठरतं. मंदन त्यावर ठरत नाही. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असली की चाल घटते, सारखी असली की वाढते.

मुलगी: आणि बरोबर दुसऱ्या सेकंदाला? वेग शून्य, मग त्वरणही शून्यच ना?

सर: त्या क्षणी त्वरण शून्य झालं असतं आणि तसंच राहिलं असतं, तर गोटीचं काय झालं असतं?

मुलगी: तिथंच बसली असती. वरती चिकटून.

सर: बसते का?

मुलगी: नाही. म्हणजे वेग शून्यातून जातोय, पण बदलायचा थांबलेला नाही.

या संवादात ‘चढ’ हा शब्द सहज येऊन गेला, पण मुलं त्यावरही अडखळतात. स्थान-काल आलेखाचा चढ म्हणजे वेग, आणि वेग-काल आलेखाचा चढ म्हणजे त्वरण. शब्द एकच, म्हणून प्रत्येक वेळी ‘कशाचा चढ?’ असं विचारायला लावावं. याच गोटीचा स्थान-काल आलेख टेकडीसारखा दिसतो: शून्यापासून चढतो, दुसऱ्या सेकंदाला २ मीटरवर माथा, चौथ्याला परत शून्य. गोटीही वर जाऊन खाली आलेली असते, म्हणून मुलं त्या टेकडीला फळीचं चित्र समजतात. गोटी मात्र एकाच सरळ फळीवरून गेली आणि आली. आडव्या अक्षावर वेळ आहे, जागा नाही. माथ्यावर वक्र सपाट होतो, म्हणजे तिथं चढ शून्य, म्हणून वेग शून्य. माथा ‘उंच’ आहे म्हणून तिथं वेग जास्त, असं उत्तर आलं तर मूल चढाऐवजी उंची वाचतंय हे ओळखावं.

एक बारकी गोष्ट. प्रत्यक्ष मोजलं तर रेषा दुसऱ्या सेकंदाशी किंचित मोडलेली दिसेल. लोळण्याला होणारा थोडा विरोध वर जाताना उताराच्या ओढीला साथ देतो आणि खाली येताना तिच्या विरुद्ध असतो. त्यामुळे रेषेचा दुसरा भाग जरा कमी तिरका येतो आणि गोटी सुटली त्यापेक्षा थोड्या कमी चालीनं हातात येते. मोजण्यात चूक झाली असं समजून हे खोडू नये.

सोलापुरात याहून चांगलं उदाहरण घराजवळच सापडेल. पूर्व भागात यंत्रमागावर धोटा ताण्याच्या धाग्यांमधून बाणा टाकत डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येतो. उजवीकडे जाणं धन धरा. उजव्या पेटीत शिरताना धोटा थांबवला जातो: वेग धन, त्वरण ऋण, हे मंदन. लगेच त्याच पेटीतून डावीकडे फटका बसतो: त्वरण पुन्हा ऋणच, पण आता वेगही ऋण, आणि चाल वाढतेय. एकाच पेटीत, पाठोपाठ दोन्ही वेळा ऋण त्वरण, आणि त्यातलं एकच मंदन. डाव्या पेटीत याच्या उलट, तिथं धोटा थांबतो तो धन त्वरणानं. चाल-काल आलेख काढला तर जाणं आणि येणं हे दोन्ही उंचवटे अक्षाच्या वरच येतील. वेग-काल आलेखात येण्याचा उंचवटा अक्षाखाली उलटा लटकेल. एका फेरीची सरासरी चाल भरपूर निघते, सरासरी वेग मात्र शून्य, कारण धोटा निघाला तिथंच परत आला.

परीक्षेत ‘मंदन’ लिहायचं तर आधी वेगाचं चिन्ह पाहावं. ते दिलेलंच नसेल आणि वस्तू एका दिशेनं सरळ चाललेली असेल, तर पुस्तकाप्रमाणे ऋण त्वरण म्हणजे मंदन लिहिलेलं चालतं. रेषा अक्ष ओलांडत असेल तर उत्तर ओलांडण्याच्या क्षणाशी तोडून दोन वाक्यांत लिहावं: ‘० ते २ सेकंद त्वरण ऋण, चाल कमी होते, म्हणजे मंदन. २ ते ४ सेकंद त्वरण ऋणच, पण गोटी ऋण दिशेनं जाते आणि तिची चाल वाढते.’