कॅश डिपॉझिट मशीनमध्ये पैसे गेले, खात्यात आले नाहीत: क्लेम कसा करायचा?

प्रश्न: परवा संध्याकाळी माझ्याच बँकेच्या मशीनमध्ये १८,५०० रुपये भरले. नोटा आत गेल्या, मोजल्याचा आवाज आला आणि मशीन बंद पडलं. पावती नाही, मेसेज नाही, खात्यात जमा नाही. शाखेत म्हणतात "येतील आपोआप, दोन-चार दिवस थांबा." थांबू का? आणि क्लेम नक्की कुठे टाकायचा?

उत्तर: थांबू नका. आजच तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. मी शाखेत कॅशला असताना अशा मशीनच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची, त्यामुळे आतून काय होतं ते सांगतो.

"आपोआप येतील" हे अर्धंच खरं आहे. मशीनने नोटा मोजल्या, रक्कम स्क्रीनवर दाखवली, तुम्ही ती मान्य केली आणि नेमकी तेव्हा सर्व्हरची लाइन गेली, तर किती नोटा कोणाच्या खात्यासाठी आल्या हे मशीनच्या नोंदीत असतं. ताळमेळ घेताना असे व्यवहार सापडतात आणि बऱ्याचदा तक्रारीशिवायही पैसे जमा होतात. पण मोजणी चालू असतानाच नोटा अडकल्या तर मशीनला एकूण रक्कम ठाऊकच नसते. पुढे कधीतरी मशीन उघडलं जातं, हिशेबापेक्षा जास्त नोटा निघतात आणि बँक ते पैसे 'जादा रोकड' म्हणून वेगळ्या खात्यात टाकून ठेवते. ते कोणाचे हे मशीन सांगत नाही, मागणाऱ्याने सांगायचं असतं. तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण या दुसऱ्या जातीचं दिसतं.

म्हणून तक्रारीत रकमेइतकीच नोटांची फोड महत्त्वाची. आमच्याकडे एका किराणा दुकानदाराचे २४,००० रुपये असेच अडकले होते. त्यांनी लेखी दिलं होतं: पाचशेच्या ४४ आणि दोनशेच्या १० नोटा. मशीनच्या नोंदीत त्या वेळी पाचशेच्या ४१ आणि दोनशेच्या १०, म्हणजे २२,५०० मोजले गेले होते आणि पुढे बिघाडाचा कोड होता. मशीन उघडलं तर नोटा सरकवणाऱ्या पट्ट्यांमध्ये पाचशेच्या तीन नोटा दुमडून बसलेल्या. मोजणीत जादा निघालेली रक्कम बरोबर २४,००० भरली. वाद घालायला जागाच उरली नाही. त्यांनी "साधारण चोवीस-पंचवीस हजार असतील" असं लिहिलं असतं, तर तीच फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली असती.

तुमच्या नोटा कशा होत्या ते आत्ताच आठवून लिहा, पाचशेच्या ३५ आणि दोनशेच्या ५ वगैरे जे असेल ते. खरंच आठवत नसेल तर अंदाज ठोकू नका, कारण फोड जुळली नाही की खरा क्लेमही संशयात येतो. ते पैसे एटीएममधून किंवा काउंटरवरून काढलेले असतील तर त्याचा पुरावा जोडा.

क्लेम कुठे टाकायचा? मशीन तुमच्याच बँकेचं आहे, तेव्हा बँकेच्या अॅपमधून किंवा हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, म्हणजे तारखेसकट क्रमांक मिळेल. मग लेखी अर्ज घेऊन मशीन ज्या शाखेच्या ताब्यात आहे तिथे जा, तुमचं खातं दुसऱ्या शाखेत असलं तरी. एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काही मशीनची रोकड बाहेरची एजन्सी सांभाळते, तेव्हा शाखा "किल्ली आमच्याकडे नाही" म्हणेल. ते खरं असू शकतं, पण अर्ज नाकारायला ते कारण होत नाही. दुसऱ्या बँकेच्या मशीनमध्ये पैसे भरले असते, तर तक्रार स्वतःच्या, म्हणजे खातं असलेल्या बँकेकडे करायची असती.

अर्ज चार ओळींचा पुरे:

"दि. … रोजी सायंकाळी … वाजता आपल्या … येथील रोख भरणा मशीनमध्ये (मशीन क्र. …) माझ्या खाते क्र. … मध्ये १८,५०० रुपये भरले. नोटा: ५०० × …, २०० × …. मोजणी चालू असताना मशीन बंद पडले. पावती मिळाली नाही, नोटाही परत आल्या नाहीत. मशीनची व्यवहार नोंद आणि रोकड मोजणी तपासून रक्कम जमा करावी. त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रीकरण निकाल लागेपर्यंत जपून ठेवावे. तक्रार क्र. …"

मशीन क्रमांक सहसा मशीनवर चिकटवलेला असतो, नाहीतर तिथल्या कोणाच्याही पावतीवर सापडतो. कार्ड घालून भरणा केला असेल तर तेही लिहा, नोंद शोधणं सोपं जातं. सीसीटीव्हीची ओळ गाळू नका. चित्रीकरण कायमचं साठवलेलं नसतं, काही काळाने त्यावर नवं चढतं.

त्या चित्रीकरणाचं कामही सांगतो. मशीन बंद पडल्यावर माणूस वैतागून निघून जातो, इतक्यात ते पुन्हा सुरू होऊन नोटा बाहेर देतं. कोणी उचलल्या नाहीत तर बहुतेक मशीन त्या आत ओढून वेगळ्या डब्यात टाकतं, आणि त्या मोजणीत जादा सापडतात. पण मागे उभ्या असलेल्याने उचलल्या तर मशीनचा हिशेब चोख जुळतो आणि बँकेचं उत्तर येतं, 'जादा रोकड आढळली नाही.' अशा वेळी त्या अर्जाच्या आधारे पोलिसांत तक्रार द्यावी लागते. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि मशीनची नोंद नेमकं काय दाखवते ते विचारा: नोटा मोजल्या, परत दिल्या, की आत ओढल्या.

'पाच दिवसांनंतर रोज शंभर रुपये भरपाई' हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकातला तो नियम एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर त्यासाठी आहे. त्या यादीत रोख भरणा नाही. त्यावर भांडण्यापेक्षा बँकेचं स्वतःचं भरपाई धोरण तिच्या वेबसाइटवर बघा.

शाखा ढिम्म राहिली तर त्याच तक्रार क्रमांकावर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. पहिल्या लेखी तक्रारीपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. शिक्क्याची प्रत, क्रमांक आणि बँकेचं उत्तर जोडायचं. बँकेकडे आधी न जाता थेट तिथे गेलात तर तक्रार परत येते.

हेल्पलाइनचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधू नका. समाजमाध्यमांवर बँकेला टॅग करून लिहिलंत की काही मिनिटांत 'बँकेतून बोलतोय' असे फोन येतात. अडकलेली रोकड जमा करायला बँकेला तुमचा ओटीपी, पिन किंवा मोबाइलवर कुठलंही अॅप लागत नाही.