पेन्सिलीत माती का मिसळतात?

प्रश्न: पूर्वी म्हणे नुसत्या ग्रॅफाइटच्या कांड्यांनी लिहायचे. मग ते लाकडात कसं गेलं आणि त्यात माती कशासाठी घालतात?

माती घालतात ती मुळात ग्रॅफाइटची भुकटी धरून ठेवायला. पेन्सिल हवी तशी कडक किंवा मऊ करता येते, हा फायदा त्यातूनच मिळाला.

सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलला ग्रॅफाइटचा असा साठा सापडला की, त्याचे घट्ट ढेकळे करवतीने कापून थेट कांड्या करता यायच्या. लोकांना ते शिसं वाटलं. आपण अजूनही ‘शिसपेन्सिल’ म्हणतो ती त्याच गैरसमजाची खूण. तो कार्बन आहे हे 1779 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. नुसती कांडी हात काळे करते आणि पटकन मोडते, म्हणून आधी तिला दोरा गुंडाळत. पुढे लाकडाच्या पट्टीत चौकोनी खाच पाडून त्यात कांडी बसवायची आणि वरून पातळ पट्टी सरसाने चिकटवायची, अशी पद्धत आली.

अडचण अशी की, असं सलग ग्रॅफाइट जवळपास फक्त तिथेच मिळायचं. इतरत्र मिळे ते अशुद्ध किंवा चुऱ्याच्या रूपात. जर्मनीत तो चुरा गंधकात मिसळून कांड्या करत, पण त्या ठिसूळ व्हायच्या आणि कागदावर खरखरायच्या. 1793 मध्ये फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि फ्रान्सला बॉरोडेलचा माल मिळेना. तेव्हा निकोला-झाक काँते याने बारीक ग्रॅफाइट, चिकणमाती आणि पाणी मळून कांड्या केल्या व त्या भट्टीत भाजल्या. 1795 मध्ये त्याला पेटंट मिळालं.

पद्धत आजही तीच आहे. एचबीच्या शिशात साधारण 68 टक्के ग्रॅफाइट, 26 टक्के माती आणि 5 टक्के मेण असतं. मेण मात्र मळताना घालत नाहीत. ग्रॅफाइट आणि माती ओली दळून, शेवयांसारखी साच्यातून दाबून काढतात, वाळवतात आणि हवा न लागू देता सुमारे 1000 अंश सेल्सिअसला भाजतात. या उष्णतेत मातीचे कण एकमेकांना चिकटून जाळी तयार होते, ग्रॅफाइट तिच्यात अडकून राहतं. मग गरम मेणात बुडवलं की उरलेली छिद्रं भरतात आणि शिसं कागदावर गुळगुळीत सरकतं.

घाई करून वाळवलं तर कांडी वाकते किंवा तडकते. भाजताना हवा शिरली तर ग्रॅफाइटच जळू लागतं. भाजणं कमी पडलं तर मातीची जाळी नीट जुळत नाही आणि टोकाचा भुगा होतो. लिहिताना मधेच ओरखडा उठला, तर बहुधा दळण जाड राहिलेलं असतं.

मातीचं प्रमाण वाढलं की जाळी दाट होते, ग्रॅफाइट कमी झिजतं आणि रेघ फिकट, बारीक येते: 9एचमध्ये माती निम्म्याहून थोडी जास्तच असते. 8बीमध्ये ती जेमतेम 4 टक्के, म्हणून रेघ काळीभोर येते, पण हात लागला की पसरते आणि टोक लगेच बोथट होतं.