टाकीच्या डिशला १० एमएम कुठून आलं?

प्रश्न: "सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या लास्ट इयरला आहे. एअर रिसीव्हरचं पूर्ण थ्रीडी मॉडेल केलंय, आतला डाया १२००, प्रेशर १५ बार, दोन डिश एंड, ६ इंची नोझल. शेल आणि डिश दोन्ही १० एमएम. इंटरव्ह्यूत विचारलं की डिशला १० कसं आलं, मी म्हटलं शेलएवढंच ठेवलं, तर ते हसले. आता अजून एक सॉफ्टवेअरचा कोर्स करू का?"

कोर्स नको करूस इतक्यात. तू मॉडेलचे फोटो पाठवलेस ते बघितले, त्यात क्राउन रेडियस १२०० आणि नकल ७५ दिसतोय, म्हणजे ही टोरीस्फेरिकल डिश झाली, आणि ते हसले ते बहुतेक इथेच.

आधी शेल बघू. एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ मधला फॉर्म्युला:

```
t = P*R / (S*E - 0.6*P)
```

प्रेशर १.५ एमपीए. मटेरियल एसए ५१६ ग्रेड ७० धर, नेहमीच्या तापमानाला त्याचा अलाउएबल स्ट्रेस १३८ एमपीए. जॉइंटची स्पॉट रेडिओग्राफी, म्हणून जॉइंट एफिशियन्सी E ०.८५. रेडियस ६०० नाही, ६०१.५ घ्यायचा, कारण १.५ एमएम गंजून गेल्यानंतरची टाकी आपण तपासतोय. उत्तर येतं ७.७५. त्यात गंजाचे १.५ मिळवले की ९.२५, म्हणजे १० ची प्लेट. शेल तुझा बरोबर आहे.

आता डिश. २:१ इलिप्टिकल घेतली असतीस तर ७.७ आलं असतं, जवळजवळ शेलएवढंच, आणि "शेलएवढंच ठेवायचं" ही सवय तिथूनच लागते. पण तुझ्या टोरीस्फेरिकलला साडेतेराच्या आसपास लागतात, गंज धरून १५! कारण क्राउनचा मोठा गोल आणि नकलचा छोटा गोल जिथे मिळतात तिथे वाक एकदम बदलतो आणि त्या पट्ट्यात प्लेट ताणली जातेच, शिवाय वाकतेही. मॉडेलमध्ये हे काहीच दिसत नाही, रेंडर दोन्हीचा सारखाच चकाचक.

इलिप्टिकल केलीस तरी एक मेख आहे. मी भोसरीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये होतो तेव्हा १० च्या प्लेटच्या डिश दाबून आल्या, अल्ट्रासोनिक गेज नकलवर ठेवला तर ८.८, आणि आम्हाला हवे होते ९.२. ड्रॉइंगवर नुसतं "१० जाड" लिहिलं होतं, दाबताना प्लेट नकलला पातळ होते हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं (लिहिणारा मीच). तेव्हापासून "१२ नॉमिनल, १० मिनिमम आफ्टर फॉर्मिंग" असं लिहितो.

मॉडेल करताना अर्ध्या प्रोफाइलमध्ये आतली कड आधी काढ, लंबवर्तुळाची उंची ३००, खाली सरळ भाग ५०, आणि जाडी बाहेर ऑफसेट करून दे. बाहेरून दुसरं लंबवर्तुळ काढलंस तर जाडी सगळीकडे एकसारखी राहत नाही. आणि नोझलचं भोक `Through All` ने कापलंयस, समोरच्या भिंतीलाही भोक पडलंय, सेक्शन व्ह्यू लावून बघ.

त्या भोकाचाच दुसरा प्रश्न तुला पुढच्या वेळी नक्की येईल. भोक पाडलं की तिथलं जे मेटल प्रेशर पेलत होतं ते गेलं, तेवढं आजूबाजूला भरून द्यायचं. ६ इंच शेड्यूल ८० पाइप, गंजल्यावरचा आतला डाया साधारण १४९.४. शेलला इथे लागणारी जाडी ६.५८ (भोक वेल्डच्या जोडावर नाही म्हणून E एक). दोन्हीचा गुणाकार ९८३ चौरस एमएम, एवढं मेटल हवं. शेलकडे गंजून उरलेले ८.५, म्हणजे १.९२ जास्तीचे, त्यातून २८७ मिळतात. नोझलच्या भिंतीतून अजून ३०० च्या आसपास. वेल्डचं थोडंफार धरलं तरी तीनशेच्या वर कमी पडतात, म्हणून रीइन्फोर्समेंट पॅड हवा. १० एमएम जाड आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना ५० रुंद दिलास की हजार चौरस एमएम झाले, भरपूर. पॅडला एक छोटं टेलटेल होल ठेव, त्यातून हवा सोडून वेल्ड लीक तपासतात. तुझ्या मॉडेलमध्ये पॅडच नाहीये, नुसता पाइप भिंतीत खुपसलाय.

तर पुढच्या इंटरव्ह्यूला रेंडर कमी ने. डिश बदललेलं एक ड्रॉइंग आणि हाताने लिहिलेलं दोन पानी कॅल्क्युलेशन ने, शेल, डिश, नोझल या क्रमाने. हायड्रो टेस्टचं प्रेशरही लिही, १.३ पट म्हणजे साडेएकोणीस बार. ड्राफ्ट्समनच्या जागेला मॉडेल पुरतं, डिझाइनच्या जागेला ही दोन पानं बघतात. आणि आधी ते दुसरं भोक बुजव.