एफडी मोडू नका, आणि पत्रातली एक ओळ खोडा

"माझे चार यंत्रमाग विकून आलेले नऊ लाख एफडीत आहेत, त्याच्या व्याजाचा आम्हा दोघांच्या घरखर्चाला मोठा आधार आहे. मुलगा पुण्यात नोकरीला. वीकली ऑप्शनमध्ये त्याची साडेचार लाखांची बचत गेली, वर तीन लाखांचं पर्सनल लोन झालं. तो म्हणतो, अजून दोन लाख द्या, सहा महिन्यांत भरून काढतो. मी त्याला पत्र लिहिलंय : 'बाळा, एफडी मोडून पाच लाख देतो, पण यापुढे नीट अभ्यास करून कर.' पाठवू का?"
– एक वडील, जुळे सोलापूर

काका, पत्र जरूर पाठवा, पण 'नीट अभ्यास करून' ही ओळ खोडून. तुमच्या मुलाचा अभ्यास कमी पडला असेलही, पण नुकसानीचं मूळ तिथे नाही.

समजा सोमवारी सकाळी निफ्टी २५,००० वर आहे. बाजार वर जाणार असं त्याला वाटलं आणि त्याने २५,१०० चा कॉल, म्हणजे मुदतीला निफ्टी २५,१०० च्या वर असेल तरच पैसे देणारा सौदा, ६० रुपये प्रीमियम भरून घेतला. मंगळवारी एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत संपणार. बाजार खरंच वर गेला आणि २५,०७० वर बंद झाला. अंदाज बरोबर, तरी ६० चे शून्य झाले, कारण निफ्टीने २५,१०० ओलांडलेच नाहीत. नुसती मुद्दल सुटायलाही २५,१६० हवे होते, वर ब्रोकरेज आणि कर वेगळे. म्हणजे दिशा, चाल किती मोठी आणि ती कधी येणार, हे तिन्ही दोन दिवसांत जुळायला हवं. शेअर असता तर तो थांबला असता. इथे थांबायला वेळच नसतो आणि प्रीमियम तासातासाला झिजत जातो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. त्यात अभ्यास करणारेही असणारच. म्हणून भरून काढण्यासाठी दोन लाख देऊ नका, थोडेसुद्धा नाही.

कर्जाचं मात्र वेगळं आहे. तिथे मदत करावी असं मला वाटतं, पण एफडी न मोडता. मुदतीआधी मोडली तर बँका सहसा व्याज कमी करतात, आणि मोडलेल्या तीन लाखांचं व्याज तुमच्या घरातून कायमचं जातं; सात टक्क्यांनी धरलं तर महिन्याला साडेसतराशे. त्याऐवजी त्याच एफडीवर तीन लाखांचं कर्ज घ्या. त्याचा दर बहुधा एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. आठ टक्के धरू. मुलाचं लोन १६ टक्क्यांचं, तीन वर्षांचं असेल तर हप्ता साधारण १०,५५० आणि एकूण व्याज ८० हजारांच्या आसपास. तोच हप्ता त्याने एफडीवरच्या कर्जात भरला तर ३२ महिन्यांत सगळं फिटतं आणि व्याज ३४ हजारांच्या आसपास जातं. जुनं लोन आधी बंद करण्याचं शुल्क मात्र बँकेत विचारून घ्या, बचत त्याने कमी होते.

पैसे मुलाच्या खात्यात टाकू नका, थेट लोन खात्यात भरा आणि लोन बंद झाल्याचं पत्र मागा. हप्ता त्याच्या पगारातूनच जायला हवा. यातला धोका तुमचा आहे, हेही सांगतो : त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्या एफडीतून वसूल करेल. त्यामुळे होकार देण्याआधी त्याच्याकडून दोन कागद घ्या. पहिला, ब्रोकरकडचा लेजर. त्यात किती पैसे भरले आणि किती परत काढले एवढंच बघा. नफ्याचे स्क्रीनशॉट बघू नका. दुसरा, क्रेडिट रिपोर्ट. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुम्हाला न सांगितलेलं ॲपवरचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी बहुतेक तिथे दिसते. लेजरमध्ये मागच्या महिन्यातही पैसे भरलेले दिसले, तर प्रकरण अजून थांबलेलं नाही. तसं असेल तर आधी त्याला समुपदेशकाकडे न्या, कर्जाचं नंतर बघू.

ब्रोकरकडे एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनचा, सेगमेंट बंद करता येतो. तो पुन्हा सुरूही करता येतो, म्हणून लेजर दर तीन महिन्यांनी बघायचं ठरवून घ्या. आणि त्याला आयटीआर-३ हे प्राप्तिकराचं विवरणपत्र मुदतीत भरायला सांगा. ऑप्शनमधला हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण मुदतीत दाखवला तर आठ वर्षं पुढच्या व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो. तो वाया जाऊ नये म्हणून पुन्हा ट्रेडिंग करायचं, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

पत्रात त्या अख्ख्या ओळीच्या जागी एवढंच लिहा : "बाळा, तुझं लोन मी एफडीवर कर्ज काढून फेडतो, हप्ता तू भरायचास. ऑप्शनसाठी घरातून एक रुपयाही मिळणार नाही. लेजर आणि क्रेडिट रिपोर्ट घेऊन शनिवारी घरी ये, ते बघूनच कर्ज काढेन; आईला मी सगळं सांगितलंय." आईला अजून सांगितलं नसेल, तर पत्र टाकण्याआधी सांगा.