आईच्या रिपोर्टमधलं पोटॅशियम

प्रश्न: मी जर्मनीत असतो, आई-बाबा गुहागरला. काल व्हिडिओ कॉलवर आईचा रक्ताचा रिपोर्ट सगळ्यांना वाचून दाखवला. पोटॅशियम 6.2 आलंय, पुढे H. ऐकून आई एकदम गप्प झाली. आज तिने शहाळं तर बंद केलंच, बीपीची गोळीही घेतली नाही. बाबा म्हणतात, लॅबची चूक असेल. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.9 आहे, आईचं वय 66. काय करू?

उत्तर: आईला आजच डॉक्टरांकडे पाठवा. ईसीजी काढायचा आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचं, उद्यावर टाकायचं नाही. छातीत धडधड, चक्कर किंवा पायातलं बळ गेल्यासारखं वाटत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. ईसीजी नीट आला म्हणून पुन्हा रक्त देणं टाळू नका, कारण पोटॅशियम खरोखर वाढलेलं असूनही ईसीजी कधीकधी साधा दिसतो.

बाबांचा अंदाज खरा ठरू शकतो, आणि त्याला कारण आहे. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तद्रवात ते 3.5 ते 5.1 च्या आसपास, तर तांबड्या पेशीच्या आत त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे नळीत थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा वर जातो. बारीक शिरेतून जोरात ओढून घेतलेलं रक्त किंवा जोराने हलवलेली नळी, यात पेशी फुटतात. दंडाला पट्टा आवळून बराच वेळ मूठ उघडझाक करायला लावली, तर पेशी न फुटताही पोटॅशियम वाढतं.

गावाकडे आणखी एक गोष्ट घडते. सकाळी घेतलेली नळी दुपारच्या गाडीने चिपळूण किंवा रत्नागिरीला जाते. तोवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून द्रव वेगळा केलेला नसेल, तर पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. साधारण 2 तासांच्या आत द्रव वेगळा व्हायला हवा. खराब होऊ नये म्हणून न फिरवलेली नळी बर्फावर ठेवली की उलटंच होतं. थंडीत पोटॅशियम आत ओढणारा पेशींचा पंप मंदावतो आणि गळती वाढते, शिवाय पेशी फुटलेल्या नसल्याने द्रव तांबडा दिसत नाही आणि लॅबलाही शंका येत नाही.

म्हणून तुमच्या हातातल्या पीडीएफमध्ये आधी नमुना घेतल्याची वेळ आणि लॅबला पोचल्याची वेळ बघा. मग तळाशी बारीक अक्षरात नमुना हिमोलाइज्ड, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेला, असल्याची नोंद आहे का ते पाहा. कॅल्शियम तपासलं असेल आणि ते अगदीच खाली आलं असेल, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त या नळीत मिसळलं असण्याची शक्यता आहे. त्या नळीत रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचं ईडीटीए असतं, ते पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम बांधून ठेवतं. जुना रिपोर्टही काढा. मागे 4.4 असेल आणि क्रिएटिनिन तेव्हाही एवढंच असेल, तर अचानक 6.2 चा संशय घेणं रास्त आहे. पण या खुणांवरून फक्त संशय घेता येतो. निकाल दुसऱ्या नमुन्यावरच लागतो.

दुसरा नमुना जिथे मशीन आहे तिथेच जाऊन द्यावा. मूठ दाबायची नाही, पट्टा 1 मिनिटापेक्षा जास्त नको, आणि पोटॅशियमसाठी पुन्हा तपासतोय, नळी लगेच फिरवा, असं तिथे स्पष्ट सांगावं.

गोळीचं काय? पाकिटावरचं नाव वाचून डॉक्टरांना सांगा. नावाच्या शेवटी सार्टन किंवा प्रिल असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर ती पोटॅशियम वाढवू शकते. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. कमी सोडियमचं मीठ घरात आहे का विचारा, त्यात काही सोडियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. निकाल येईपर्यंत शहाळं आणि ते मीठ बंद ठेवलेलं बरं, आईने ते बरोबर केलं. आजचा डोस चुकल्याने सहसा काही बिघडत नाही, पण पुढची गोळी घ्यायची की थांबवायची हे आजच डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

आणि कॉलबद्दल. आकडा आणि H एका दमात सगळ्यांसमोर वाचला की आईच्या कानावर फक्त "वाढलंय" एवढंच जातं, आणि ती एकटीच उपाय सुरू करते. पुढच्या वेळी फाइल आधी एकट्याने उघडा, वेळा आणि तळटीप बघा, काही खटकलं तर डॉक्टरांना फोन करा, मग घरी कॉल लावा. आज आईला एवढंच सांगा: "आई, एक आकडा पुन्हा बघायचाय. रक्त गाडीतून गेलं की तो चुकू शकतो, पण खात्री आजच करायची. गोळीचं डॉक्टरांनाच विचारू." बाबांना रिक्षा ठरवायला सांगा आणि पाकीट आईच्या पिशवीत ठेवायला लावा.

दुसरा आकडा 4.5 च्या आसपास आला तर पहिला नमुना बाद समजायचा, गोळी डॉक्टर सांगतील तशी चालू. 5.5 ते 6 च्या मध्ये आला तर औषधांत आणि आहारात बदल करून काही दिवसांत पुन्हा तपासणी. पुन्हा 6 च्या वर आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात.